विमानाच्या खिडकीला कोपरे का नसतात?

विमानात खिडकीजवळ बसलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास दिसतात. खिडकीला टोकदार कोपरा कुठेच नसतो आणि तावदानाच्या खालच्या कडेजवळ टाचणीने पाडावे तसे एक भोक असते. दोन्हींमागचे कारण एकच आहे: हवेचा दाब, आणि तो पुन्हा पुन्हा पडल्याने येणारा थकवा.

पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम पाव उरतो. त्या हवेत माणूस तग धरू शकत नाही, म्हणून विमानात हवा भरून दाब राखावा लागतो. आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो भरतो. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण वीतभर रुंद आणि दीड वीत उंच खिडकीचा हिशेब केला, तर त्या एका तावदानावर आतून साडेतीनशे ते चारशे किलोंचा रेटा असतो. विमानाच्या सगळ्या पत्र्यालाच हा रेटा सोसावा लागतो. विमान वर गेले की पत्रा ताणला जातो, खाली उतरले की सैल पडतो. प्रत्येक उड्डाणाला हे एकदा घडतेच.

या ताण-सैल खेळाची खरी किंमत जगाला कळली ती ‘कॉमेट’ या विमानामुळे. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला त्याची नियमित सेवा सुरू झाली. तोवरच्या विमानांपेक्षा ते कितीतरी उंचावरून उडे, त्यामुळे त्याच्या केबिनमधला दाबही जास्त ठेवावा लागे. पहिली फेरी करणारे विमान ‘योक पीटर’ या नावाने ओळखले जाई. तेच विमान १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघाले आणि इटलीच्या एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले. आतले सर्व ३५ जण मृत्युमुखी पडले. विमाने जमिनीवर ठेवून तपासणी झाली, काही दुरुस्त्या झाल्या, मार्चमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. आणि ८ एप्रिलला रोमहून कैरोला निघालेले दुसरे कॉमेट तसेच समुद्रात कोसळले. त्यात २१ माणसे गेली.

तपासाचे काम फार्नबरो इथल्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटकडे आले. संचालक आर्नल्ड हॉल यांच्या शास्त्रज्ञांनी एक आख्खे कॉमेट प्रचंड टाकीत उभे केले. टाकीत पाणी भरले, विमानाच्या आतही पाणी भरले. मग आतला दाब वाढवायचा, उतरवायचा, पुन्हा वाढवायचा, असे चक्र रात्रंदिवस चालवले. एक चक्र म्हणजे एक उड्डाण. पाणी वापरण्याचे कारण साधे होते. दाबलेली हवा फुटली की स्फोट होतो आणि पुरावाच नष्ट होतो. पाणी मात्र जवळजवळ दबत नाही, त्यामुळे चीर पडली की दाब तत्काळ उतरतो आणि चीर जिथल्या तिथे पाहायला मिळते.

या विमानाची प्रत्यक्षात सुमारे १,२३० उड्डाणे आधीच झाली होती. टाकीत आणखी सुमारे १,८३० चक्रे झाल्यावर जून १९५४ मध्ये त्याचा पत्रा फाटला. चीर सुरू झाली होती ती संकटकाळी बाहेर पडायच्या दाराच्या खिडकीच्या कोपऱ्याशी. पुढे एल्बाजवळच्या समुद्रातून योक पीटरच्या छताचा तुकडा मिळाला. त्याची चीरही कोपऱ्यापासूनच निघाली होती, पण ती प्रवाशांच्या खिडकीच्या नव्हे. दिशादर्शक यंत्राच्या अँटेनासाठी छतात ठेवलेली एक खिडकी होती, तिच्या कोपऱ्याजवळच्या एका भोकापासून ती फाटत गेली होती. ‘चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडले’ असे सर्रास सांगितले जाते, ते म्हणूनच अर्धेच खरे. प्रवाशांच्या खिडक्यांचे कोपरेही काहीसे गोलसर केलेले होते. मात्र ती गोलाई पुरेशी नव्हती.

कोपऱ्यातच असे काय घडते? ताणलेल्या पत्र्यात ताण सगळीकडे सारखा वाहत असतो. नदीच्या पात्रात खांब उभा केला की पाणी त्याला वळसा घालून जाते, तसा पत्र्यातला ताणही भोकाला वळसा घालतो. वळण ऐसपैस असेल तर तो पसरून जातो. वळण अरुंद असेल तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गर्दी करतो. त्यात कॉमेटचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ होता आणि खिडक्यांच्या कडेला रिव्हेटची भोके होती. एका उड्डाणात तिथे काहीच तुटत नाही. पण धातू थकतो. केसाएवढी चीर पडते, दर फेरीला ती कणभर सरकते आणि एका क्षणी पत्रा टरकन फाटतो.

कंपनीने चाचण्या केल्या नव्हत्या असे नाही. पण ज्या नमुन्यावर थकव्याची चाचणी झाली, त्याला मजबुती तपासण्यासाठी आधीच नेहमीच्या दुप्पट दाब दिला होता. त्या जादा दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणून बसला आणि नंतरच्या ताणाला तो अधिक टिकला. नमुना हजारो चक्रे पुरला. प्रवासी घेऊन उडणाऱ्या विमानांना मात्र तो फायदा मिळालेला नव्हता. पुढच्या कॉमेटमध्ये खिडक्या गोल झाल्या, पत्रा जाड झाला. आजच्या विमानांत त्याखेरीज खिडकीभोवती मजबूत चौकट असते आणि चीर पडलीच तर ती लांबवर धावू नये अशी रचना केलेली असते.

आता त्या भोकाकडे वळू. खिडकीला बहुधा ॲक्रिलिकची तीन तावदाने असतात. आपला हात लागतो ते सर्वांत आतले तावदान निव्वळ ओरखड्यांपासून संरक्षणासाठी असते. दाबाशी त्याचा संबंध नाही. खरी तावदाने त्याच्या पलीकडची दोन, आणि भोक असते त्यांतल्या आतल्या तावदानाला, म्हणजे तिघांतल्या मधल्याला. या भोकातून केबिनची हवा मधल्या पोकळीत शिरते. मधल्या तावदानाच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा होतो आणि सगळा रेटा एकट्या बाहेरच्या तावदानावर जातो.

हे मुद्दाम केलेले आहे. बाहेरचे तावदान रोज ताण सोसते, मधले राखीव राहते. वर्षानुवर्षे दाब न सोसल्यामुळे ते दाबाने थकतही नाही. बाहेरच्याला तडा गेलाच तर ते ताज्या दमाने सगळा भार उचलते. अशा वेळी भोकातून थोडी हवा निसटते, पण भोक इतके लहान असते की केबिनमध्ये हवा भरणारी यंत्रणा ती गळती सहज भरून काढते. भोकाचे दुसरे काम म्हणजे पोकळीतला दमटपणा बाहेर जाऊ देणे, म्हणजे काच धुरकट होत नाही. केबिनची हवा भोकातून येऊन थंडगार बाहेरच्या तावदानावर गोठते, म्हणून उंचावर कधी कधी त्या भोकासमोरच बर्फाची नक्षी उमटते.

तेव्हा भोकाभोवती बर्फ दिसला किंवा हाताशी असलेल्या तावदानावर ओरखडे दिसले, तर काळजीचे कारण नाही. पलीकडच्या दोन तावदानांपैकी एखाद्यात चीर दिसली, तर मात्र ती लगेच विमान कर्मचाऱ्यांना दाखवावी.