‘एवढं एक करून द्याल का?’

नोकरी सोडून किंवा सांभाळून फ्रीलान्स कामं घेणाऱ्याला पहिला क्लायंट बहुधा ओळखीतूनच मिळतो. त्यामुळे ठरलेल्या कामात नवं काम हळूहळू शिरायला लागलं, की तोंड उघडायला संकोच वाटतो. एक नमुना घेऊ. कोकणातल्या एका होमस्टेच्या मालकांना वेबसाइट हवी आहे. पाच पानं, 20 हजार रुपये, निम्मे आगाऊ. करून देणाऱ्या मुलीने 40 तासांचा अंदाज धरला, म्हणजे तासाला 500 रुपये पडले.

दुसऱ्या आठवड्यात फोन येतो, “फोटोंची गॅलरी टाकाल का?” तीन तास. मग, “सगळं मराठीतही हवं.” दहा तास. मग, “पैसे भरायचं एक बटण द्या ना.” आठ तास. मधल्या फोनवरच्या बारीकसारीक बदलांचे आणखी तीन. 40 चे 64 तास झाले, रक्कम मात्र तेवढीच. तासाचा दर 312 रुपयांवर आला, आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

यात मालक लबाड आहेत असं मला वाटत नाही. त्यांना खरोखरच एक बटण दिसतं. त्या बटणामागे पेमेंट गेटवेचं खातं उघडावं लागतं, त्यासाठी मालकांचं पॅन आणि बँकेचे तपशील लागतात, अटींचं आणि पैसे परत करण्याच्या धोरणाचं पान साइटवर असावं लागतं, मग चाचणी घ्यावी लागते. हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. सांगायचं काम आपलं, आणि तेही हात लावण्याआधी. आठ तास राबून झाल्यावर पैशांचा विषय काढला तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्यांचंही चुकत नाही.

म्हणून फोनवर “बघते आणि कळवते” एवढंच म्हणावं आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहावं: “काका, ऑनलाइन पैसे भरायची सोय करता येईल. आपल्या ठरलेल्या पाच पानांत ती नव्हती. त्याला 4,000 रुपये आणि चार दिवस जास्त लागतील. आत्ता करू, की आधी साइट सुरू करून हे दिवाळीनंतर घेऊ? बजेट वाढवायचं नसेल तर मराठी पानं सध्या बाजूला ठेवून त्याऐवजी हे करता येईल.” या निरोपात ‘नाही’ कुठेच नाही. पैसे वाढवा, काम पुढे ढकला किंवा अदलाबदल करा, यांतलं काय ते मालकांनी ठरवायचं. पुष्कळदा उत्तर येतं, “राहू दे, नंतर बघू.” ती मागणी किती निकडीची होती, हे त्यातूनच कळतं.

प्रत्येक गोष्टीचे पैसे मागावेत असं मात्र नाही. आपल्या हातून चुकलेलं विनामूल्यच दुरुस्त करायचं. ठरलेल्या पानावरचा रंग, मजकूर बदलायच्या दोन फेऱ्या मूळ रकमेतच धरायच्या, आणि तसं सुरुवातीलाच लिहून द्यायचं. गॅलरीसारखी पहिली छोटी भर खुशीने करावी. पण बिलात ती दिसलीच पाहिजे: गॅलरी 1,500 रुपये, सवलत 1,500, देय शून्य. या एका ओळीमुळे मालकांना आपण काहीतरी दिलं हे कळतं, आणि त्या कामाला किंमत आहे हेही कळतं. न लिहिता केलेली मेहेरबानी पुढच्या वेळी हक्क म्हणून मागितली जाते.

उरलेले पैसे अडकण्याची भीती अनेकांना गप्प बसवते. त्यावर उपाय हप्त्यांच्या शब्दांत असतो. “काम समाधानकारक झाल्यावर बाकी रक्कम” असं कधीही लिहू नये, कारण समाधान रोज एक नवी मागणी आणू शकतं. “पाच पानं चाचणी-लिंकवर दाखवल्यावर बाकी 10 हजार, त्यानंतर साइट मालकांच्या नावाच्या डोमेनवर सुरू” असं लिहावं. मग वाढीव कामाचा हिशोब वेगळा राहतो आणि मूळ पैसे त्यात गुंतत नाहीत.

सुरुवातीला काहीच लिहून घेतलं नसेल आणि निम्मं काम होऊन गेलं असेल तर? केलेल्या जादा कामाचे पैसे मागे जाऊन मागू नयेत, त्याने संबंध बिघडतात. त्याऐवजी आजवर काय झालं, ठरल्यापैकी काय बाकी आहे आणि यापुढच्या भरीचा दर काय, अशी यादी पाठवून “बरोबर आहे ना?” असं विचारावं. मालकांचं “हो” आलं, की तिथून पुढचं ठरलं.

एवढं करूनही एखादा क्लायंट “यात कसले आलेत पैसे?” असं म्हणेलच. त्याचं ठरलेलं काम नीट, वेळेत पूर्ण करून द्या, बाकी रक्कम घ्या, आणि त्याचं पुढचं काम घेऊ नका.