न विचारता भाव सांगताय? मग ‘काय धरलंय’ ते आधी लिहा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कोटेशनबद्दल बोललो. व्हिडिओत एक गोष्ट घाईत गेली, ती इथे सविस्तर सांगतो, कारण नवीन धंद्यात सगळ्यात जास्त भांडणं याच एका गोष्टीवरून होतात.

समजा, देवगाव फाट्यावर तुमचं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं दुकान आहे. सकाळी व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो: “दादा, शेतात २० बाय ३० चं पत्र्याचं शेड टाकायचंय. किती पैसे लागतेत?” बस, एवढंच. शेड कशासाठी, उंची किती, बाजू बंद की उघड्या, काहीच नाही.

इथे तुमच्यापुढे दोन रस्ते दिसतात. पहिला म्हणजे प्रश्न विचारत बसायचं. “कशासाठी पाहिजे?” त्याचं उत्तर दुपारी येतं. “उंची किती?” त्याचं उत्तर संध्याकाळी. तोपर्यंत त्यानं सेलूला एकाला, जिंतूरला एकाला विचारलेलं असतं आणि ज्यानं आधी आकडा दिला त्याच्याशी बोलणं पुढे गेलेलं असतं. दुसरा रस्ता म्हणजे मनाशी काहीतरी धरायचं आणि सरळ आकडा ठोकायचा: “सव्वा लाख.” हा रस्ता जास्त धोक्याचा आहे. तुम्ही मनात चार खांब-पत्रे आणि उघड्या बाजू धरलेल्या असतात, त्यानं मनात सोयाबीनची पोती ठेवायला बंद गोडाऊन धरलेलं असतं. दोघंही “ठरलं” म्हणतात आणि ठरलेलं काहीच नसतं.

तिसरा रस्ता आहे. विचारू नका, उत्तर द्या. पण उत्तराच्या डोक्यावर लिहा की हे उत्तर काय धरून दिलंय.

आधी हिशोब करून बघू

खालचे दर फक्त समजायला घेतलेत. तुम्ही तुमच्या गावचे, त्या दिवसाचे दर लावा.

२० बाय ३० च्या शेडला चारी बाजूंनी एक-एक फूट पत्रा बाहेर काढला तर छत होतं २२ बाय ३२, म्हणजे ७०४ चौरस फूट. खांब, पाया, कैची आणि पत्रा धरून १८० रुपये फूट लावले तर १,२६,७२० रुपये. हाच तो “सव्वा लाख”.

आता बाजू बंद करू. शेडचा घेर १०० फूट. हिशोब सोपा ठेवायला सगळीकडे उंची १० फूट धरली तर बाजूंचा पत्रा १,००० चौरस फूट. नीट बघा, बाजूंना छतापेक्षा जास्त पत्रा लागतो! त्यातून १० बाय १० च्या गेटचे १०० फूट वजा केले, राहिले ९००. ९० रुपयांनी ८१,००० रुपये. गेट १०० फूट, २०० रुपयांनी २०,००० रुपये. सगळं मिळून २,२७,७२० रुपये, म्हणजे २ लाख २८ हजार.

प्रश्न एकच होता. एका न बोललेल्या गोष्टीनं एक लाखाचा फरक पडला.

मग उत्तर कसं लिहायचं?

असं लिहा:

“नमस्कार भाऊ. तुमचं शेड मी असं धरलंय. चुकलं असेल तर फक्त नंबर सांगा, लगेच बदलून देतो.
१) माल ठेवायला आहे. चारी बाजू बंद, पुढे १० बाय १० चं गेट. (जनावरांसाठी, बाजू उघड्या हव्या असतील तर १ लाख कमी.)
२) उंची १० फूट. (दर फूट वाढवायला १० हजार जास्त.)
३) ३ फुटांवर मुरूम लागतो. (खोल असेल तर दर फुटाला ८ हजार जास्त.)
४) खाली कोबा नाही. (४ इंची कोबा हवा असेल तर ४२ हजार जास्त.)
एवढं बरोबर असेल तर २ लाख २८ हजार, जीएसटी १८ टक्के वेगळा. भाव ७ दिवस.”

समोरून उत्तर आलं: “२ नंबर १२ फूट करा. मळणी यंत्र आत लावायचंय.” झालं काम. दोन फुटांचे २० हजार वाढले, २ लाख ४८ हजार. शिवाय तुम्हाला एक नवी गोष्ट कळली. मळणी यंत्र आत जाणार असेल तर १० फुटांचं गेट पुरेल का? आता विचारायचा प्रश्न एकच उरला: “गेटपण १२ फूट उंच करू का?” तो हो म्हणाला की गेटचे ४ हजार वाढतात, तेवढा बाजूचा पत्रा १,८०० नं कमी होतो, आणि आकडा अडीच लाखाला जाऊन बसतो. दोन मेसेजमध्ये शेड पक्कं झालं.

आता या मेसेजमधल्या तीन गोष्टी नीट समजून घ्या.

१. आकड्याच्या आधी, खाली नाही

बरेच जण हेच सगळं “अटी व शर्ती” म्हणून शेवटी लिहितात. ते कुणी वाचत नाही. माणूस आकडा बघतो, भावाला सांगतो, बायकोला सांगतो, आणि तो आकडा घरात पक्का होतो. नंतर तुम्ही “अहो, त्यात बाजू नव्हत्या” म्हणालात की तुम्ही भाव वाढवला असंच वाटतं. मेसेज लांब असेल तर व्हॉट्सअॅप खालचा भाग ‘अधिक वाचा’च्या मागे टाकतं. म्हणजे खाली लिहिलेली अट खरोखरच दडलेली असते. धरलेल्या गोष्टी वर असल्या की आकड्यापर्यंत जायला त्यांच्यावरूनच जावं लागतं.

२. त्याच्याबद्दल जे धरलं तेवढंच लिहा

नवीन माणूस इथे हमखास चुकतो. “पत्रा ०.४५ मिमी, कलर कोटेड, चांगल्या दर्जाचा” हे तुम्ही धरलेलं नाही, ते तुम्ही देणार आहात. तो मालाचा तपशील झाला, तो कोटेशनच्या पोटात लिहा. धरलेली गोष्ट म्हणजे जी समोरच्याला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही: त्याची गरज, त्याची जागा, त्याची जमीन.

मुरमाचंच बघा. आपली परभणीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खांबाचा पाया त्या मातीतच थांबला तर खांब हलतो, म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. २० बाय ३० ला लांब बाजूवर १० फुटांवर एक असे चार-चार, म्हणजे आठ खांब. खड्डा २ बाय २ चा धरला तर एक फूट जादा खोल गेल्यावर आठ खड्ड्यांत ३२ घनफूट काँक्रीट वाढतं. मुरूम कुठे लागतो हे तुम्हाला दुकानात बसून कळणार नाही, पण त्यानं विहीर खोदताना पाहिलेलं असतं. तुम्ही “३ फूट” लिहिलं की तो लगेच सांगेल, “नाही दादा, आमच्याकडे ५ फूट माती आहे.”

मापाचा शब्दही असाच लिहून टाका. “कोबा किती ब्रास?” यात घोटाळा होतो. रेती-काँक्रीटमध्ये एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि पृष्ठभागाच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. आपल्या शेडचा ४ इंची कोबा काँक्रीटनं मोजला तर २ ब्रास, जागेनं मोजला तर ६ ब्रास. दोघंही बरोबर आणि दोघंही भांडतात! म्हणून ब्रास म्हणण्यापेक्षा “६०० चौरस फूट, ४ इंच जाड” असं लिहा.

३. तीन-चारच, आणि प्रत्येकासमोर फरक

पंधरा गोष्टी लिहिल्या तर ती पुन्हा अटींची यादी झाली. एक कसोटी लावा: ही गोष्ट चुकली तर आकडा किंवा काम बदलेल का? नसेल बदलत तर काढून टाका. ज्यानं सगळ्यात जास्त फरक पडतो ती वर. आपल्या हिशोबात बाजूंनी एक लाख हलतात, म्हणून ती पहिली.

समोर फरक लिहिला की माणसाला विचार करायला सोपं जातं. “कोबा नाही” एवढंच लिहिलं तर तो विचारेल, “आणि हवा असेल तर?” मग पुन्हा एक फेरी. “४२ हजार जास्त” लिहिलं की तो स्वतःच ठरवतो. नंबर टाकल्यामुळे त्याला लांब टाइप करावं लागत नाही. शेतात उभा राहून एका बोटानं उत्तर देता आलं पाहिजे.

हे कुठे चालत नाही

धरून चालणं हे भाव सांगण्यापुरतं. पत्रा कापायच्या आधी, खड्डे खणायच्या आधी धरलेलं चालत नाही. तिथे जागेवर जाऊन टेप लावायचा. समोरचा गप्प बसला म्हणजे मान्य, असंही समजू नका. अॅडव्हान्स घेण्याआधी “चारही गोष्टी बरोबर?” असं विचारून त्याचा ‘हो’ लेखी घ्या.

याला कायद्याचीही बाजू आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम २२ सांगतं की करारातल्या एकाच पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, एवढ्याच कारणावरून करार रद्द करता येत नाही. सोप्या भाषेत, “मी तर मनात उघड्या बाजू धरल्या होत्या” हे सांगून सहजासहजी सुटका नाही. मनात धरलेलं मनातच राहिलं तर ते तुमच्या अंगावर येतं.

आणि एक कळकळीनं सांगतो. भाव स्वस्त दिसावा म्हणून मुद्दाम कमीत कमी धरू नका. शेतातला माणूस पेरणी-काढणीच्या बोलण्यात “शेड” म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा माल ठेवायचा असतो, हे तुम्हाला माहीत असतं. तरी उघड्या बाजू धरून सव्वा लाख लिहिलात तर ते धरणं नाही, फसवणं झालं. जे खरं असण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे तेच धरा.

आजचं काम: तुमच्या मोबाइलमधली मागची पाच कोटेशनं उघडा. ज्यात नंतर वाद झाला किंवा पैसे सोडावे लागले, ते बघा, आणि त्या वेळी तुम्ही मनात काय धरलं होतं ते एका ओळीत लिहा. त्याच ओळी तुमच्या पुढच्या कोटेशनच्या डोक्यावर जाणार आहेत.