न लिहिता गळणारा 'अ'

'आठवणे' आणि 'आठवणी' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. कागदावर फरक फक्त शेवटच्या स्वराचा आहे, पण तोंडात मधली घडणच बदलते. आपण 'आठव्णे' म्हणतो आणि 'आठ्वणी' म्हणतो. एका शब्दात 'व'मधला 'अ' गळतो, दुसऱ्यात 'ठ'मधला. अमराठी प्रौढांना मराठी शिकवताना मला या जोडीचं उत्तर द्यावंच लागतं. लिपी त्यांना काहीच सांगत नाही आणि आपण मराठी भाषक कधी चुकत नाही. म्हणजे नियम असणारच.

देवनागरीत प्रत्येक व्यंजनात 'अ' गृहीत असतो. संस्कृतात तो उच्चारलाही जातो. मराठी, हिंदी, गुजराती या भाषांत मात्र तो ठिकठिकाणी गळतो. ओडियाने शब्दाच्या अखेरचा 'अ' अजून राखला आहे. 'घर' लिहून आपण 'घर्' म्हणतो. शब्दाच्या शेवटचं हे गळणं सोपं आहे. कोडं मधल्या 'अ'चं आहे. हिंदीपुरता त्याचा नियम मंजरी ओहाला यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात सविस्तर तपासला. त्याचा गाभा असा: मधल्या 'अ'च्या अलीकडे 'स्वर आणि एक व्यंजन' व पलीकडे 'एक व्यंजन आणि स्वर' असेल, तर तो गळतो, आणि हे तपासत शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं.

वृत्तांमुळे आपल्या ओळखीच्या लघु-गुरूच्या भाषेत हे अधिक नीट कळतं. 'समज' हा शब्द उच्चारात स-मज् असा तुटतो. 'मज्' व्यंजनाने बंद झालेला, म्हणून गुरू. त्यातला 'अ' सुरक्षित आहे. 'समजा' म्हणताच 'ज' पुढच्या 'आ'कडे जातो आणि 'म' उघडा, लघु पडतो. असा लघु तुकडा आपला 'अ' सोडतो आणि उरलेलं व्यंजन मागच्या तुकड्याला टेकतं: सम्-जा. 'समजले'मध्ये 'ज्' पुन्हा 'म'ला बंद करतो, म्हणून स-मज्-ले. शब्दारंभीचा 'स' लघु असूनही टिकतो, कारण टेकायला त्याच्यामागे कोणी नाही. आणि मागचा तुकडा आधीच बंद असेल, तर तिथे जागा नसते. म्हणून 'पुस्तकात'मधला 'त' आपला 'अ' राखतो: पुस्-त-कात्.

दिशेचं महत्त्व 'करमणे' या शब्दात दिसतं. शेवटाकडून निघालं तर आधी 'म'चा 'अ' जातो आणि बंद झालेला 'रम्' वाचतो: क-रम्-णे. सुरुवातीकडून निघालो असतो तर 'र'चा 'अ' आधी गेला असता आणि 'कर्मणे' असं वेगळंच काही ऐकू आलं असतं.

आता 'आठवणी'कडे येऊ. आत्तापर्यंतचा नियम सरळ लावला तर उत्तर 'आठव्णी' येतं आणि ते चुकतं. कारण शब्द एका वेळी घडलेला नाही. आधी 'आठवण' हे नाम तयार होतं आणि नियम त्याच्यावर लागतो: वण् बंद, ठ उघडा, म्हणून आठ्-वण्. मग अनेकवचनाचा 'ई' येतो, 'ण'ला आपल्याकडे ओढतो आणि 'व' लघु होतो. पण मागे 'आठ्' आधीच बंद आहे, 'पुस्तकात'सारखीच अडचण. म्हणून 'व'चा 'अ' राहतो: आठ्-व-णी. 'आठवणे'चं मूळ मात्र 'आठव' हा धातू आहे, उच्चारात आ-ठव्. त्याला व्यंजनाने सुरू होणारा 'णे' लागला की 'ठव्' बंदच राहतो: आ-ठव्-णे. हे खरं असेल तर स्वराने सुरू होणारा प्रत्यय लावल्यावर 'ठ' उघडा पडून त्याचा 'अ' गळायला हवा. 'आठवेल' म्हणून पाहा: आठ्-वेल्. तसंच होतं.

समासातली सीमा याहून कडक असते. 'घरधनी' हा शब्द सलग धरला तर नियम 'घरध्नी' देईल. पण 'धनी' स्वतंत्र शब्द आहे, त्याचा 'ध' आरंभी असल्यामुळे अभेद्य. गळतो तो 'घर'च्या अखेरचा 'अ'. 'रामकथा' आणि 'लोककला' यांचंही असंच.

नियमाची मर्यादाही इथेच आहे. लघु-गुरू अक्षरांवरून मोजता येतात, पण शब्दातली सीमा पानावर उमटत नाही. ती ओळखायला शब्द माहीत असावा लागतो. म्हणून शिकणारा 'समजा' लवकर जिंकतो आणि 'घरधनी'पाशी अडखळतो. अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रांचीही हीच अडचण आहे: नियमासोबत त्यांना शब्दांची मुळं, प्रत्यय आणि समासांचे जोड पुरवावे लागतात. माझ्या वर्गात मी आता शब्द लिहिताना फळ्यावर आधी सीमेची बारीक रेघ ओढते, घर|धनी, आणि मगच उच्चार विचारते.