दोन इंच मोठी कुंडी पुरे

आमच्या गच्चीवरचा मोगरा तीन वर्षं आठ इंची कुंडीत होता. या फेब्रुवारीत लक्षण दिसलं: पाणी घातलं की लगेच खालून वाहून जायचं आणि दुपारी पानं माना टाकायची. कुंडी आडवी करून पाहिली, तर भोकातून मुळं बाहेर लोंबत होती. आत माती नावालाच, बाकी सगळी मुळांची गुंडाळी.

अशा वेळी एकदम मोठी कुंडी आणायचा मोह होतो. मागे मी एक जास्वंद आठवरून थेट चौदा इंचीत हलवली होती, दर वर्षीची कटकट नको म्हणून. तीन आठवड्यांत पानं पिवळी. तहान लागली असेल असं समजून मी आणखी पाणी घातलं. शेवटी उपटली तेव्हा मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास.

हिशेब साधा आहे. त्याच घाटाची कुंडी आठवरून दहा इंची केली, तरी माती जवळजवळ दुप्पट होते. चौदा इंचीत ती पाचपटीहून जास्त होते. मुळं मात्र तेवढीच, मग उरलेल्या मातीतलं पाणी पिणार कोण? ती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही. कुंडी बदलल्यावर झाड ‘रुसलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा ते गुदमरत असतं.

म्हणून मोगऱ्याला दहा इंची कुंडी घेतली. प्लास्टिकच्या कुंडीच्या तळाला भोकांच्या नुसत्या खुणा असतात, त्या उघडल्याच नाहीत तर घोळ होतो. करंगळी जाईल एवढी चार-पाच भोकं तापवलेल्या सळईने पाडली. प्रत्येकावर खापरीचा तुकडा, फुगीर बाजू वर, म्हणजे माती अडते आणि पाणी जातं. खडीचा थर मी घालत नाही. वरची बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही. ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. कुंडीखाली मात्र विटेचे तुकडे ठेवले, नाहीतर फरशीला टेकून भोकं बंद होतात.

आदल्या दिवशी पाणी घातलेलं असल्याने गड्डा अखंड निघाला. बाजूंनी सुरीने तीन-चार उभे काप दिले, जेमतेम सेंटिमीटरभर खोल. गोल फिरलेली मुळं तशीच ठेवली असती, तर ती नव्या मातीतही गोलच फिरत राहिली असती. खोडाचा बुंधा पूर्वीइतकाच उघडा ठेवला आणि भरपूर पाणी घातलं. मिनिटभरात ते खालून आलं.

आठ दिवस सावलीत, तीन आठवडे खत नाही. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून पाहायचो. पहिल्या आठवड्यात चार-पाच पानं गळली, पण फांद्या हिरव्या होत्या. अठराव्या दिवशी टोकाला कोवळी पालवी दिसली, तेव्हा कुंडी उन्हात सरकवली.