तांबीचा दोरा लागत नाही तेव्हा

बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवलेली एखादी स्त्री सहा आठवड्यांनी तपासून पाहते, तर दोरा बोटाला लागत नाही. अशा वेळी बहुधा तांबी जागेवरच असते, दोरा फक्त गर्भाशयात किंवा त्याच्या मुखात गुंडाळलेला असतो. तरीही ती नकळत पडून गेलेली असू शकते. म्हणून खात्री होईपर्यंत निरोध वापरावा.

डॉक्टर आधी गर्भ राहिला आहे का ते तपासतात. मग योनिमार्ग उघडून गर्भाशयाचे मुख पाहतात. आत सरकलेला दोरा बारीक ब्रशने कधीकधी बाहेर येतो. नाही आला, तर सोनोग्राफी. गर्भाशयात योग्य जागी तांबी दिसली, तर काही करावे लागत नाही. खाली सरकलेली असेल, तर ती बदलायची का हे डॉक्टर ठरवतात.

सोनोग्राफीतही दिसली नाही, तर पोटाचा व ओटीपोटाचा एक्स-रे काढतात. तांबीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम असल्याने ती त्यात स्पष्ट उमटते. एक्स-रेत नसेल, तर ती पडली आहे. गर्भाशयाबाहेर पोटात दिसली, तर सहसा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढतात.

पोटात तीव्र दुखणे, ताप किंवा चुकलेली पाळी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.