चेंडू किती वेळा उसळेल?

टेनिसचा अधिकृत चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कठीण फरशीवर सोडला, तर साधारण १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा, असा नियम आहे. म्हणजे प्रत्येक टप्प्याला सुमारे ४५ टक्के उंची जाते, ५५ टक्के उरते.

मग उसळी एका सेंटिमीटरच्या खाली कधी येईल? २५४ ला पुन्हा पुन्हा ०.५५ ने गुणत जा. पहिल्या टप्प्यानंतर १४० सेंटिमीटर, पाचव्यानंतर १२.८, नवव्यानंतर १.१७ आणि दहाव्यानंतर ०.६४. उत्तर दहा.

सुरुवातीची उंची दुप्पट केली तरी टप्पे दुप्पट होत नाहीत. जेमतेम एखाद-दुसरा वाढतो. मात्र हळू आदळणारा चेंडू कमी दबतो आणि थोडी जास्त ऊर्जा राखतो. त्यामुळे प्रत्यक्षात मोजलेले टप्पे या हिशेबापेक्षा थोडे जास्त भरू शकतात.