शेजारच्या टेबलाला सांगता येईल असा पगार

ओडिशात एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थशास्त्रज्ञांनी ३७८ कामगारांवर महिनाभराचा एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तिघातिघांच्या गटांना हाताने करायची साधी उत्पादनं दिली होती. काही गटांत तिघांचा रोज सारखा होता, तर काहींत त्यात थोडा फरक ठेवला होता. रोजाचा आकडा तोच, पण शेजारच्याला आपल्यापेक्षा जास्त मिळतंय हे कळलं की कामगाराचं उत्पादन घसरलं. फरक असलेल्या गटांत हजेरीही १८ टक्के गुणांनी कमी झाली. रोजंदारीवर जगणारी माणसं, खाडा केला तर त्या दिवसाचे पैसे बुडणार, तरीही!

याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. ज्या कामात कोण किती माल काढतो हे डोळ्यांना दिसत होतं आणि जास्त रोज घेणारा खरोखरच जास्त काम करत होता, तिथे फरकाचा काहीच परिणाम झाला नाही. लोक फरक सोसतात. विनाकारण वाटणारा फरक मात्र त्यांना सोसत नाही.

कंपन्यांच्या एचआर विभागात दर महिन्याला येणारा एक पेच या निष्कर्षाच्या उजेडात पाहण्यासारखा आहे. उमेदवार पसंत पडलेला असतो, पण त्याचा आकडा त्या पदासाठी मंजूर असलेल्या पगाराच्या पट्ट्याच्या, म्हणजे ‘बँड’च्या, वर जातो. नाही म्हटलं तर चांगलं माणूस हातचं जातं. हो म्हटलं तर आधीपासून काम करणाऱ्यांच्या कानावर ते जाणारच. ऑफर लेटरमध्ये गोपनीयतेचं कलम कितीही ठळक टाइपात छापलं, तरी चहाच्या टपरीवर ते लागू होत नाही.

एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला पेच चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कुणालाही ओळखीचा वाटेल. वाहनांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. क्वालिटी इंजिनिअरच्या पदासाठी मंजूर बँड वर्षाला १० ते १३ लाख, तोही फिक्स्ड पगाराचा. विभागात चार इंजिनिअर आहेत, १०.८, ११.३, ११.९ आणि १२.४ लाखांवर. मुलाखतीत सरस ठरलेल्या, सात वर्षांचा अनुभव असलेल्या उमेदवार बाई म्हणतात, “सोळा.” हातात दुसरीकडची साडेपंधरा लाखांची ऑफर आहे.

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. ते १६ मधून १३ वजा करतात आणि तीन लाखांवर घासाघीस सुरू होते. पण बँड फिक्स्डचा आहे आणि बाईंचा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा. एचआर मॅनेजरने विचारलं, “मॅडम, त्या साडेपंधरात काय काय धरलंय, एकदा फोडून बघू या का?” बाईंनी कागद दाखवला. फिक्स्ड १३.२, कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल १.२, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस ०.६, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून ०.५. बाईंची मागणी या ऑफरपेक्षा अर्ध्या लाखाने जास्त, म्हणजे फिक्स्डच्या भाषेत १३.७. तीन लाखांची वाटणारी दरी सत्तर हजारांवर आली, आणि अजून कुणी एक पैसाही सोडलेला नव्हता.

ही फोड करताना मागचा पगार किती होता यावर फार रेंगाळू नये. ‘शेवटच्या सीटीसीवर तीस टक्के’ हा आपल्याकडचा रूढ हिशोब सोपा असतो, पण त्यात आधीच्या कंपनीने केलेला अन्याय किंवा उधळपट्टी दोन्ही आपल्या टीममध्ये जशीच्या तशी येतात. त्याच पदावर त्याच तोलाचे दोन उमेदवार आले, तर केवळ आधी कुठे होते म्हणून त्यांच्यात दोन लाखांचं अंतर पडतं. शेजारच्या टेबलाला ते कोणत्या तोंडाने सांगणार? त्यातला एक पुरुष आणि एक स्त्री असेल, तर प्रश्न कायद्याचाही होऊ शकतो. समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी वेतनात लिंगभेद करता येत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यातली ही तरतूद आता वेतन संहितेत आली आहे.

मग पगार ठरवायचा कशावर? बाई कामाला लागल्या असं धरून त्यांना त्या चौघांच्या रांगेत उभं करायचं, आणि प्रत्येकाच्या बाबतीत विचारायचं, या कामात यांचं पारडं याच्यापेक्षा जड आहे का, आणि कशामुळे? मुलाखतीत कोण चुणचुणीत बोललं हे कारण इथे चालत नाही. ते फक्त खोलीतल्या तिघांनी पाहिलेलं असतं. चाकणच्या आपल्या कंपनीला एका जर्मन ग्राहकाचं काम मिळालं आहे. त्या ग्राहकाला व्हीडीए ६.३ पद्धतीचं प्रक्रिया-ऑडिट हवं असतं, आणि आजवर त्यासाठी बाहेरून माणूस बोलवावा लागे. चौघांपैकी कुणीच ते स्वतंत्रपणे केलेलं नाही. बाईंनी केलं आहे. हे कारण शॉपफ्लोअरवर सगळ्यांना दिसणार आहे. इतर बाबतींत त्या १२.४ वाल्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या तोडीच्या आहेत. म्हणून फिक्स्ड १२.७ लाख ठरले, ज्येष्ठापेक्षा थोडे वर आणि बँडच्या आत.

१३ का नाही? टोक गाठायची परवानगी तर बँडच देतो. अडचण पुढच्या वर्षी येते. छतालाच डोकं टेकवून आत आलेल्या माणसाला पुढच्या अप्रेझलमध्ये वाढ द्यायला जागा उरत नाही. मग एक तर वाढ गोठते आणि बाई वर्षभरात नाराज होतात, नाही तर बँड पुन्हा वाकवावा लागतो. १२.७ वरसुद्धा जागा बेताचीच आहे, आणि हे उमेदवाराला आधीच सांगितलेलं बरं: “बँड दरवर्षी थोडा सरकतो. त्याहून मोठी उडी हवी असेल तर ती पुढच्या ग्रेडमध्ये गेल्यावरच मिळेल.”

उरलेली दरी एकदाच द्यायच्या पैशाने भरता येते, पण त्या पैशालाही सांगता येण्याजोगं कारण लागतं. बाई फेब्रुवारीत राजीनामा दिला तर मार्चचा नव्वद हजारांचा बोनस गमावणार आहेत, आणि तसं पत्र त्यांच्याकडे आहे. तेवढाच जॉइनिंग बोनस द्यायचा, वर्षाच्या आत सोडून गेल्यास उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परत घ्यायचा, आणि हे सगळं ऑफर लेटरमध्ये लिहायचं. व्हेरिएबल इतरांसारखाच, फिक्स्डच्या दहा टक्के. ग्रॅच्युइटी आणि विम्यासाठी इथेही साधारण अर्धा लाख. पहिल्या वर्षाची बेरीज होते सुमारे १५.४ लाख, म्हणजे दुसऱ्या ऑफरच्या अगदी जवळ. जॉइनिंग बोनसची खोड अशी, की दुसऱ्या वर्षी तो नसतो आणि पगारवाढ मिळूनही हातात कमी आल्यासारखं वाटतं. म्हणून दोन्ही वर्षांचे आकडे एकाच कागदावर मांडून दाखवावेत. बाईंना तिकडचा फिक्स्ड अर्ध्या लाखाने जास्त आहे हेही त्यांच्यापासून लपत नाहीच.

बोलताना एक पथ्य कडक पाळायचं. “आमच्या सीनियरलासुद्धा इतका मिळत नाही” हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. त्यात दुसऱ्याचा पगार फुटतो. शिवाय ऐकणाऱ्याला वाटतं, इथे सगळेच कमी पगारावर राबतात. त्याऐवजी बँड कसा ठरतो, त्यात तुम्हाला या जागी का धरलं आणि कोणत्या गोष्टीत आम्ही हलू शकत नाही, एवढं सरळ सांगितलं की बोलणं थोडक्यात आटपतं. काही कंपन्या अशा वेळी पळवाट म्हणून नुसतं पदनाम वाढवतात. काम तेच, पाटीवर ‘लीड’. ही युक्ती पगारापेक्षा जास्त झोंबते, कारण पाटी सगळ्यांना दिसते. काम खरंच मोठं असेल तर ग्रेड आधी मंजूर करून घ्यावी आणि ती जागा आतल्या लोकांसाठीही खुली करावी. मॅथ्यू बिडवेल यांचा २०११ चा अभ्यास इथे आठवावा. अमेरिकेतल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत बाहेरून आलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पगार मिळे, आणि पहिली दोन वर्षं त्यांची कामगिरी मात्र कमी भरे.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. ऑफर जाण्याआधी त्या चौघांची यादी पुन्हा पाहायची. ११.३ वर असलेले गृहस्थ ११.९ वाल्याइतकंच काम करतात, फक्त ते सहा वर्षांपूर्वी कमी पगारावर लागले आणि कधी मागायला आले नाहीत. नव्या बाईंमुळे हा जुना अन्याय उघडा पडणार आहे. साठ हजारांची दुरुस्ती ऑफरच्या आधी केली तर ती दुरुस्ती राहते. त्यांनी राजीनामा टाकल्यावर केली तर तेच काउंटर-ऑफर होतं, आणि उरलेले तिघे त्यातून काय शिकायचं ते शिकतात.

उद्या १२.४ वाले ज्येष्ठ सहकारी मॅनेजरच्या केबिनमध्ये येऊन विचारतील, “सर, नवीन मॅडमना किती दिले?” आकडा सांगता येणार नाही. पण “तसं काही नाही हो” म्हणून उडवूनही लावू नये. त्यांचा स्वतःचा आकडा बँडमध्ये कुठे बसतो, व्हीडीए ऑडिटला कंपनी काय किंमत देते आणि ते शिकायचं असेल तर प्रशिक्षणाला कधी पाठवता येईल, हे सांगता येतं. मात्र ते प्रशिक्षण खरंच द्यायची तयारी हवी.

हे सगळं करूनही बाई नाही म्हणू शकतात. तेव्हा त्यांचा आकडा, दुसऱ्या ऑफरची फोड आणि नकाराचं कारण तारखेसह नोंदवून ठेवावं. एकच उमेदवार गेला तर तो त्याचा निर्णय. पण चार महिन्यांत तीन चांगले उमेदवार १३.२ च्या आसपासच अडले, तर चूक त्यांच्या मागणीत नसून बँडमध्ये असते. तेव्हा एकासाठी अपवाद करत बसण्यापेक्षा बँडच सरकवावा, आणि आतल्या चौघांना आधी. प्रत्येकी सरासरी ऐंशी हजार म्हणजे वर्षाला ३.२ लाख. वित्त विभागाला हा आकडा टोचतो. त्यांच्यासमोर दुसरा हिशोब ठेवावा: चौघांपैकी एक जरी गेला तरी बदली माणसासाठी भरती एजन्सीचं कमिशन साधारण महिनाभराच्या पगाराइतकं, म्हणजे ८.३३ टक्के, जागा दोन-तीन महिने रिकामी, आणि येणारा नवा माणूस १३.२ च मागणार.